अंदाज आणि आकडा

फेब्रुवारीची पहिली तारीख जवळ आली की डोंबिवलीच्या सकाळच्या लोकलमधल्या गप्पा एकाच वाटेने जातात: कर कमी होईल का, रेल्वेला काय मिळेल, आणि हल्ली, कोणता शेअर आदल्या दिवशी घेऊन ठेवावा. ठाणे-कल्याण पट्ट्यातल्या पगारदार घरांत आता डीमॅट खाती आहेत, मुलांच्या मोबाइलवर भाव फिरत असतात. म्हणून त्या दिवशी बाजार नेमका कशाने हलतो, हे या घरांना उलगडून सांगणे आम्हाला गरजेचे वाटते. त्यासाठी १ फेब्रुवारी २०२५ हा दिवस पुन्हा एकदा सावकाश पाहण्याजोगा आहे.

त्या दिवशी शनिवार होता, तरी अर्थसंकल्पासाठी शेअर बाजार खास उघडा ठेवला होता. संध्याकाळी सेन्सेक्सकडे पाहणाऱ्याला वाटले असते की काहीच घडले नाही, कारण तो जेमतेम पाच अंकांनी वर बंद झाला. आत मात्र मोठी उलथापालथ झाली होती. साबण, बिस्किटे, कपडे, गाड्या, घरे विकणाऱ्या कंपन्या वर गेल्या. रस्ते, पूल, वीजप्रकल्प उभारणाऱ्या कंपन्या खाली आल्या. लार्सन अँड टुब्रो तीन टक्क्यांहून अधिक घसरला. बँका जवळपास जागच्या जागी राहिल्या. एकाच भाषणाने तिघांचे असे तीन निकाल लावले.

पायाभूत सुविधांचे आधी पाहू. २०२५-२६ साठी केंद्राने भांडवली खर्चाची तरतूद ११.२१ लाख कोटी रुपये केली. रक्कम प्रचंडच आहे. मग शेअर का पडले? कारण आदल्या वर्षीच्या अर्थसंकल्पातली तरतूद ११.११ लाख कोटी होती. त्याआधीची काही वर्षे ही रक्कम झपाट्याने वाढत आली होती आणि कंपन्यांच्या शेअरचे भाव त्या वाढीवरच बेतलेले होते. एक टक्क्याहूनही कमी वाढ पाहून बाजाराने भाव उतरवला. बाजार रकमेला दाद देत नाही, रक्कम आणि अपेक्षा यांच्यातल्या फरकाला देतो.

पण त्याच कागदपत्रांत आणखी एक आकडा होता. २०२४-२५ मध्ये ठरवलेल्या ११.११ लाख कोटींपैकी सुधारित अंदाजानुसार १०.१८ लाख कोटीच खर्च होणार होते. त्या वर्षी लोकसभेची निवडणूक झाली, आचारसंहितेत कामे रेंगाळली. या १०.१८ शी तुलना केली तर नवी तरतूद दहा टक्क्यांनी मोठी दिसते. एका रकान्याशी ताडून पाहणारा विकत होता, तर दुसऱ्याशी ताडून पाहणाऱ्याला विकण्याचे कारण नव्हते. त्या दुपारी पहिल्या रकान्याचे पारडे जड ठरले, इतकेच.

आपल्या भागात राहणाऱ्यांना तरतूद आणि काम यांतले अंतर वेगळे समजावून सांगायला नको. ठाणे-दिवा पाचवी-सहावी मार्गिका एमयूटीपीच्या दुसऱ्या टप्प्यात २००८ मध्ये मंजूर झाली आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये वाहतुकीला खुली झाली. चौदा अर्थसंकल्प मध्ये येऊन गेले. ठाणे-भिवंडी-कल्याण मेट्रो तर एमएमआरडीएची आहे. तिचा पैसा मुख्यतः राज्याच्या आणि प्राधिकरणाच्या हिशेबातून येतो, तेव्हा दिल्लीतल्या भाषणावरून तिच्या खांबांचा वेग मोजता येत नाही. ठेकेदार कंपनीचा शेअर मात्र त्याच भाषणावर हलतो.

आता दुसरी बाजू. भाषण अकराला सुरू झाले. वैयक्तिक प्राप्तिकराचा विषय अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी अगदी शेवटी, बारा वाजून गेल्यावर काढला. नव्या करप्रणालीत बारा लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर कर नाही. पगारदाराला ७५,००० रुपयांची प्रमाणित वजावट असल्याने त्याच्यासाठी ही मर्यादा पावणेतेरा लाख.

डोंबिवलीहून फोर्टला जाणाऱ्या, वर्षाला पावणेतेरा लाख मिळवणाऱ्या नोकरदाराचा हिशेब करू. वजावटीनंतर उरले बारा लाख. आधीच्या टप्प्यांनुसार त्यातल्या तीन लाखांवर काही नाही, पुढच्या चार लाखांवर पाच टक्के म्हणजे २०,०००, नंतरच्या तीन लाखांवर दहा टक्के म्हणजे ३०,००० आणि शेवटच्या दोन लाखांवर पंधरा टक्के म्हणजे आणखी ३०,०००. एकूण ८०,०००, वर चार टक्के उपकर ३,२००. हे ८३,२०० रुपये घरातच राहिले, म्हणजे महिन्याला सुमारे ६,९००. सरकारने एकूण जवळपास एक लाख कोटींचे उत्पन्न सोडले. ही रक्कम दुकानांत येणार, असा तर्क बाजाराने तासाभरात लावला आणि उपभोग्य वस्तूंचे शेअर उचलले.

तर्क बरोबर, पण अपुरा. हे ६,९०० रुपये एप्रिलच्या पगारापासून हातात येणार होते. त्यातला किती भाग घराच्या हप्त्यात जाईल, किती शाळेच्या फीमध्ये, किती एसआयपीत आणि किती खरोखर किराणा-कपड्यांत, हे फेब्रुवारीत कोणालाच ठाऊक नव्हते. जुन्या प्रणालीत राहिलेल्यांना तर काहीच मिळाले नाही. कंपन्यांच्या विक्रीवर याचा परिणाम दिसायचा तो लवकरात लवकर जुलैमधल्या तिमाही निकालांत. पुढच्या काही महिन्यांतली विक्री भावात त्याच दुपारी धरली गेली होती आणि उशिरा धावत आलेल्याने ती महागात घेतली.

बँकांचे गणित या दोघांहून वेगळे आहे. बँकांकडे सरकारी रोखे असतात. सरकार अपेक्षेपेक्षा जास्त कर्ज काढणार असे दिसले की रोख्यांवरचा परतावा चढतो, रोख्यांच्या किमती उतरतात आणि बँकांच्या वहीत तोटा दिसू लागतो. त्या दिवशी तूट ४.४ टक्के आणि ठोक कर्जउभारणी १४.८२ लाख कोटी हे आकडे धक्का देणारे नव्हते, म्हणून बँका स्थिर राहिल्या. २०२१ च्या १ फेब्रुवारीला कर्जाचा आकडा मोठा होता, तरी बँक निर्देशांक आठ टक्क्यांहून अधिक उसळला, कारण थकीत कर्जे वेगळी काढणारी संस्था आणि दोन सरकारी बँकांचे खासगीकरण अशा घोषणा त्याच भाषणात होत्या. (त्या दोन बँकांचे खासगीकरण पुढे चार वर्षांतही झाले नाही.) आपल्याकडे ज्यांचे पैसे सहकारी बँकांत आहेत, त्यांच्या भागाचा भाव हलत नाही. तो शेअर बाजारात नसतो, सभासदाला दर्शनी किमतीलाच परत मिळतो. पण सरकारी रोखे त्या बँकांकडेही असतात आणि व्याजदर फिरला की त्यांचाही ताळेबंद फिरतो.

चिंता वाटते ती अर्थसंकल्पाच्या दिवशी ऑप्शन विकत घेणाऱ्या तरुणांची. आदल्या दिवसापर्यंत अनिश्चितता असते, म्हणून प्रीमियम फुगलेला असतो. भाषण संपले की अनिश्चितता ओसरते आणि प्रीमियमही ओसरतो. बाजार आपण म्हटले त्या दिशेला थोडा गेला तरी हातातला ऑप्शन स्वस्त होऊ शकतो. सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये जाहीर केलेल्या पाहणीत, तीन वर्षांत वायदे-ऑप्शनमध्ये उतरलेल्या दर शंभर व्यक्तींपैकी ९३ जणांना तोटा झाल्याचे आढळले होते. ज्या घरात ६,९०० रुपयांची करसवलत मोजली जाते, त्याच घरातून एका दुपारी त्याच्या कितीतरी पट रक्कम जाऊ शकते.

त्या शनिवारनंतरच्या सोमवारी अमेरिकेने कॅनडा, मेक्सिको आणि चीनवर लावलेल्या आयातशुल्काच्या बातमीने सेन्सेक्स तीनशेहून अधिक अंकांनी खाली आला. शुक्रवारी, ७ फेब्रुवारीला, रिझर्व्ह बँकेने जवळपास पाच वर्षांनी पहिल्यांदा रेपो दर पाव टक्क्याने उतरवून ६.२५ केला. कल्याण-डोंबिवलीतल्या घरांचे हप्ते आणि ज्येष्ठांच्या ठेवींचे व्याज या दोन्हींवर त्या पाव टक्क्याचा परिणाम पुढच्या महिन्यांत होणार होता. तेव्हा येत्या अर्थसंकल्पाच्या दिवशी भाव पाहण्याआधी ‘अर्थसंकल्प एका दृष्टिक्षेपात’ हा दस्तऐवज उघडावा. भांडवली खर्चाच्या ओळीत चार आकडे शेजारी-शेजारी असतात: त्याआधीच्या वर्षीचा प्रत्यक्ष, गेल्या वर्षी ठरवलेला, गेल्या वर्षीचा सुधारित आणि यंदाचा. बाजार त्यातल्या कोणत्या दोनांची तुलना करतो आहे, ते आधी ओळखावे.