भाकरीचा बुधवार

पाककलेचे वर्ग चालविणाऱ्या बाई यूट्यूबवर आठवड्याला एक पाककृती दाखवितात, तरी प्रेक्षक टिकत नाहीत अशी तक्रार नेहमी ऐकू येते. माझ्या मते दोष बहुधा पाककृतीत नसतो, मालिकेच्या बांधणीत असतो. आज पनीर, पुढच्या खेपेस केक, नंतर लोणचे, असे असले की ज्याला जे हवे ते पाहून तो निघून जातो. पुन्हा येण्याचे कारणच उरत नाही.

समजा, मालिकेला ‘भाकरीचा बुधवार’ असे नाव दिले. या दोन शब्दांत विषय आला आणि वारही आला. ‘रुचकर मेजवानी’ या नावाने यांपैकी काहीच कळत नाही. मात्र वार नावात घातला म्हणजे तो चुकविता येत नाही. म्हणून पहिला भाग दाखविण्यापूर्वी निदान तीन भाग तयार हवेत.

आता आतील रचना पाहू. दर बुधवारी ज्वारीच्या भाकरीची एकच अडचण घ्यावी. पहिल्या बुधवारी उकड: ज्वारीत गव्हासारखा चिवटपणा नाही, म्हणून वाटीभर पिठात साधारण पाऊण वाटी उकळते पाणी घालावे, त्याने पिठातला स्टार्च फुगून चिकट होतो. दुसऱ्या बुधवारी मळणे व थापणे: कडा चिरल्या तर मळणे कमी पडले, पाणी कमी झाले किंवा पीठ जुने आहे. तिसऱ्या बुधवारी तवा: वरच्या बाजूस पाणी फिरवावे व ते पूर्ण सुकण्याआधी भाकरी उलटावी, उशीर झाला की पापुद्र्याला भेगा पडून वाफ निसटते आणि भाकरी फुगत नाही.

प्रत्येक भागाच्या शेवटी घरी करून पाहण्याचे एक काम द्यावे आणि पुढल्या बुधवारची सुरुवात लोकांनी पाठविलेल्या चिरलेल्या, न फुगलेल्या भाकऱ्यांच्या छायाचित्रांनी करावी. आपली भाकरी का बिघडली हे ऐकायला माणूस हटकून येतो. पाककृती अर्ध्यावर तोडून उत्सुकता ताणणे मात्र मला मान्य नाही. भुकेल्या घराला अर्धी कृती उपयोगाची नाही. प्रत्येक भाग आपल्यापुरता पुरा असावा.

यश कसे ओळखावे? पहिल्या भागाच्या प्रेक्षकसंख्येने नव्हे. पहिल्या बुधवारी छायाचित्र पाठविणाऱ्यांपैकी तिसऱ्या बुधवारी किती उरले, ते मोजावे. वीसांतले दोनच उरले, तर दिलेले काम फार अवघड होते किंवा आलेल्या छायाचित्रांना उत्तरच मिळाले नाही, असे समजावे.

आणि सहाव्या बुधवारी मालिका संपवावी. भाकरीच्या अडचणी तेवढ्यातच आटोपतात. पुढे ओढली तर त्याच नावाखाली पुन्हा केक शिरेल.