पंधराव्या महिन्यानंतर कोण?

घरोघरी जाऊन लहान बाळांची काळजी घेण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम 2018 मध्ये सुरू झाला. त्यानुसार आशा सेविका बाळाच्या तिसऱ्या, सहाव्या, नवव्या, बाराव्या आणि पंधराव्या महिन्यात घरी जाते आणि तेथे भेटींचा क्रम संपतो. भाषाविकासातील विलंब मात्र ठळकपणे दिसतो तो साधारण अठराव्या ते चोविसाव्या महिन्यांच्या दरम्यान. दोन वर्षांच्या मुलाकडे पन्नासपेक्षा कमी शब्द असतील आणि ते दोन शब्द जोडत नसेल, तर तज्ज्ञ त्याकडे लक्ष देतात. नेमक्या त्याच वेळी शासनाचे पाऊल उंबरठ्यावरून मागे फिरलेले असते.

विलंब ओळखण्याची व्यवस्था आहे. 2013 च्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात भाषाविलंबाचा समावेश असून फिरती आरोग्यपथके वर्षातून दोनदा अंगणवाडीत जातात आणि मुलाला जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवतात. परंतु दूरच्या गावातील मूल तेथे किती वेळा पोहोचणार? आणि पोहोचले तरी वाचोपचारतज्ज्ञाकडील थोडा वेळ सोडला, तर उरलेले सगळे दिवस ते घरीच असते. म्हणून उपचाराचा खरा कर्ता पालकच असला पाहिजे.

‘बाळाशी भरपूर बोला’ हा उपदेश त्यासाठी पुरत नाही. आई त्याचा अर्थ प्रश्न विचारणे असा घेते. ‘हे काय आहे? बोल, पाणी बोल’ अशी परीक्षा सुरू झाली की मूल तोंड फिरवते. मार्गदर्शन म्हणजे आईच्या चालू कामातच तिच्या बोलण्याची रीत बदलणे.

लखनौजवळच्या एखाद्या खेड्याचे उदाहरण घेऊ. सव्वीस महिन्यांचा मुलगा, बारा शब्द, श्रवणचाचणी निर्दोष, सांगितलेले बरेचसे समजते. सेविका अंघोळीची वेळ निवडते, कारण ती रोज येते, तिचा क्रम ठरलेला असतो आणि आई मुलासमोर बसलेली असते. पहिली पाच मिनिटे ती फक्त पाहते. आईची वाक्ये लांब आहेत आणि मुलाने मागण्यापूर्वीच ती पाणी ओतते, हे तिच्या ध्यानात येते. मग ती करून दाखवते. तांब्या भरून धरायचा आणि मनात पाच अंक मोजेपर्यंत थांबायचे. मुलाने पाहिले, हात पुढे केला किंवा नुसते ‘पा’ म्हटले, की ‘पानी’ म्हणून लगेच पाणी ओतायचे. मूल स्वतः ‘पानी’ म्हणू लागले की आईने ‘गरम पानी’ म्हणायचे. त्याच्या बोलण्याहून एकच शब्द अधिक. त्यानंतर आईने स्वतः करायचे, सेविकेने पाहायचे आणि शेवटी काय जमले ते एक व काय बदलावे ते एक, एवढेच सांगायचे. हे अंगवळणी पडले की कणीक मळण्याची वेळ घ्यायची.

प्रगती कशी ओळखावी? सांगितल्यावर मुलाने शब्द उच्चारला, ही प्रगती नव्हे. एका अंघोळीत मुलाने आपणहून किती वेळा मागितले वा दाखवले, हे मोजावे. शब्दांच्या आधी हा आकडा वाढतो.

पालकांकरवी होणाऱ्या भाषा-हस्तक्षेपाविषयीच्या 18 अभ्यासांचा आढावा मेगन रॉबर्ट्स आणि अ‍ॅन कायझर यांनी 2011 मध्ये घेतला. मुलांच्या समजण्यात आणि बोलण्यात, दोन्हींत त्याचा लाभ दिसला. तथापि आपल्याकडे मुलाला न्हाऊ घालणारी अनेकदा आजी असते आणि आई शेतावर. मार्गदर्शन जिच्या हाती तांब्या आहे तिलाच मिळाले पाहिजे, आणि तेही घरच्या बोलीत.

या उपायाला मर्यादाही आहेत. श्रवणचाचणीपूर्वी तो सुरू करून निश्चिंत राहणे घातक, कारण ऐकू न येणाऱ्या मुलाचे महिने त्यात वाया जातात. मूल नावाला प्रतिसाद देत नसेल, बोटाने दाखवत नसेल किंवा आलेले शब्द गमावत असेल, तर तज्ज्ञाकडे विनाविलंब जावे. उशिरा बोलणारी काही मुले आपोआपही सावरतात. पण कोणती सावरतील हे आधी खात्रीने सांगता येत नाही, म्हणून नुसती वाट पाहणे योग्य नव्हे.

केंद्राने 2024 मध्ये ‘नवचेतना’ हा जन्मापासून तीन वर्षांपर्यंतच्या मुलांसाठीचा आराखडा आणला. त्यातील उपक्रम सर्व मुलांसाठी आहेत. विलंब असलेल्या मुलाच्या घरी कोण बसणार, हा प्रश्न वेगळा आहे. अठराव्या आणि चोविसाव्या महिन्यात दोन समानधन भेटी जोडाव्यात आणि विलंब आढळल्यास काही आठवडे सलग भेटी ठेवाव्यात. सेविकेचे प्रशिक्षण व्याख्यानाने न उरकता प्रत्यक्ष घरात, जिल्हा केंद्रातील तज्ज्ञाच्या देखत व्हावे. आणि अहवालात वाटलेल्या पत्रकांची संख्या मागण्याऐवजी आईने करून दाखवलेल्या किती भेटी झाल्या, हे विचारावे. शासकीय यंत्रणेत जे मोजले जाते, तेच घडते.