भाडं कोणत्या महिन्याचं?

घरमालक हल्ली रोख भाडं नको म्हणतात. "यूपीआयवर टाका आणि खाली महिना अन् फ्लॅट नंबर लिहा," असा मेसेज येतो. भाडेकरूला ही मालकाची कटकट वाटते. चार-पाच खोल्या भाड्यानं देणाऱ्या मालकाची अडचण खरीच असते. खात्यात कोणाच्या तरी रूममेटच्या नावानं सोळा हजार येतात, तर ते कोणत्या खोलीचे हे त्याला कळत नाही. तरीही माझं मत असं की ही टीप मालकापेक्षा भाडेकरूच्याच जास्त कामाची आहे. मालकानं मागितली नाही तरी ती लिहावी.

कारण जुन्या कायद्यात सापडतं. भारतीय करार कायद्यात, म्हणजे 1872 च्या कायद्यात, कलम 59 ते 61 याच प्रश्नावर आहेत. एकाच माणसाला तुमची दोन-तीन देणी असतील आणि पैसे देताना हे कोणत्या देण्यापोटी आहेत ते तुम्ही सांगितलं, तर पैसे स्वीकारल्यावर त्यानं ते तिथंच जमा धरायला हवेत. तुम्ही काहीच बोलला नाहीत आणि परिस्थितीवरूनही ते उमगत नसेल, तर कोणत्या रीतसर देण्याकडे वळते करायचे ते तो ठरवतो. दोघंही गप्प राहिले, तर पैसे आधी जुन्या देण्याला लागतात.

आता एक हिशेब मांडू. समजा, पुण्यात महिना 16,000 रुपये भाड्याचा फ्लॅट आहे. जुलैत बाथरूमचा पाइप फुटला. मालक फोनवर म्हणाले, "तुम्हीच प्लंबर बोलवा, भाड्यातून वळते करून घ्या." भाडेकरूनं 2,400 रुपये प्लंबरला दिले आणि जुलैचं भाडं 13,600 पाठवलं. पुढं मालकांना ते बोलणं आठवेना. ऑगस्टमध्ये 16,000 गेले, टिपेची जागा कोरी. मालकांनी त्यातले 2,400 जुलैची बाकी म्हणून धरले आणि ऑगस्ट 2,400 नं अपुरा ठरवला. सप्टेंबरच्या पैशांतून ऑगस्ट भरला, मग सप्टेंबर अपुरा. अशा रीतीनं चालू महिना कायमच थकीत दिसतो. करारात उशिराच्या दंडाचं कलम असेल तर ते दरमहा लागू करायला मालक मोकळे. अकरा महिन्यांनी घर सोडताना डिपॉझिटमधून कपात होते, तेव्हा भाडेकरू म्हणतो, "मी तर दर महिन्याला पूर्ण भाडं दिलंय!" दिलं होतं हे खरं, पण कशापोटी, ते लिहिलेलं नव्हतं. दर महिन्याला ठरलेली पूर्ण रक्कम त्याच तारखेला गेली, यावरून ते त्या महिन्याचंच भाडं होतं असं त्याला म्हणता येईल. मात्र तो वाद घालत बसावं लागतं.

ऑगस्टच्या पैशांखाली `RENT AUG25 A7` एवढं लिहिलं असतं, तर ऑगस्ट तिथंच मिटला असता. वाद उरला असता तो फक्त जुलैचा, आणि त्यासाठी प्लंबरचं बिल हातात होतं.

टिपेत महत्त्वाचा शब्द सुरुवातीला ठेवावा, कारण बँकेच्या स्टेटमेंटमध्ये बऱ्याचदा मजकूर मध्येच कापला जातो. "ऑगस्ट महिन्याचे भाडे पाठवत आहे काका" यातला महिना वाचला तरी भाडं गायब होईल. लाइट बिल आणि भाडं एकाच व्यवहारात पाठवू नये. दोन वेगळे व्यवहार करावेत, म्हणजे टीपही वेगवेगळी राहते. मालकाच्या स्टेटमेंटमध्ये टीप उमटेलच असंही नाही. म्हणून पैसे पाठवल्या पाठवल्या तेच शब्द आणि बारा अंकी व्यवहार क्रमांक व्हॉट्सॲपवर टाकावा. कलम 59 ला सूचना हवी असते, तिचा ठरावीक नमुना नाही. नुसता स्क्रीनशॉट पुरावा म्हणून कच्चा, कारण तो बनवताही येतो. बँकेशी ताडता येतो तो क्रमांक.

पैसे मालकाच्या मुलाच्या नंबरवर मागवले असतील, तर "या नंबरवर दिलेलं भाडं मला मिळालं असं समजावं" एवढा मेसेज मालकांकडून आधी घ्यावा. करारावर नाव एकाचं आणि पैसे दुसऱ्याच्या खात्यात, ही गोष्ट भांडण होईपर्यंत कोणालाच खटकत नाही.

टिपेनं पावतीची गरज मात्र संपत नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 भाडेकरूला लेखी पावती देण्याचं काम मालकावर टाकतो. टीप हा तुमचा शब्द, पावती हा त्यांचा.

काही मालक ॲपवर भाडं घेतात आणि वर सांगतात, "भाडं असं लिहू नका हं, 'उसने परत' लिहा." हेतू बहुधा कर चुकवण्याचा असतो, आणि भाडेकरू भिडेखातर ऐकतो. तसं लिहिलं तर तुमच्याच हातानं नोंद होते की हे भाडं नव्हे. मग भाडं थकलं म्हणायला मालक मोकळे, आणि घरभाडे भत्त्याची वजावट मागताना ऑफिसला दाखवायला तुमच्याकडे 'उसने परत' असलेलं स्टेटमेंट. तेव्हा सरळ म्हणावं, "काका, मला ऑफिसात दाखवायचं असतं, मी भाडंच लिहिणार."