पुरी फुगली, अलार्म वाजला!

पाडव्याला श्रीखंड डब्यातलं चालतं, पण पुरीचं काय? मँचेस्टरमध्ये मास्टर्स करणाऱ्या माझ्या मावसबहिणीने ठरवलं, पुऱ्या घरीच! घर म्हणजे एकच खोली. पलंगापासून चार पावलांवर शेगडी आणि वर छताला स्मोक अलार्म.

पहिली पुरी टम्म फुगली. चौथीला अलार्म किंचाळला! शेजारीण म्हणाली, "पिशवी बांध ना त्यावर." बाईसाहेबांनी साफ नकार दिला. झोपेत खरंच आग लागली, तर उठवणारं तेच एक!

मग मावशीचा फोन. "लाटताना पीठ लावलंस का गं?" घोळ तिथेच होता. पुरीवरचं कोरडं पीठ तेलात सुटतं, तळाशी बसून जळतं आणि धूर करतं. दुसरा व्हिलन इलेक्ट्रिक शेगडी. बटण कमी केलं तरी प्लेट लगेच निवत नाही, त्यामुळे तेल तापतच राहतं.

दुसऱ्या दिवशी टेक टू. कणीक घट्ट, पोळपाटाला पिठाऐवजी तेलाचं बोट, खिडकी उघडी, आच पहिल्यापासून मध्यम. कणकेची गोळी टाकून पाहिली. बुडबुडे काढत लगेच वर आली, म्हणजे तेल तयार. येता येताच काळपट झाली असती, तर शेगडी बंद करून थांबायचं. गरम तेलाचं पातेलं हलवायचं नाही.

बारा पुऱ्या झाल्या. अलार्म गप्प. पाच शेजारणीने खाल्ल्या!