31 मार्चच्या पलीकडे

2016च्या उन्हाळ्यात मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे आली आणि मागाहून सुमारे 4 कोटी रुपयांचे देयकही आले; रेल्वेकडे पाण्याचा हिशेब लिटरनिशी होता. मुखेड किंवा अहमदपूरच्या तांड्यावर टँकर रिकामा होतो तेव्हा मात्र ती खेप झाली हे सांगायला मुख्यतः लॉगबुकच असते. म्हणून टंचाईच्या खर्चावर लेखापरीक्षकाचे अर्धसमास पत्र, म्हणजे एका बाजूला आक्षेप लिहून उत्तरासाठी दुसरी बाजू कोरी सोडलेला कागद, विभागप्रमुखाच्या टेबलावर येणे हे मराठवाड्यात पावसापेक्षा नियमित घडते.

उदाहरणादाखल असे धरावे की 240 खेपांची लॉगबुके आढळली नाहीत म्हणून, प्रति खेप 2,000 रुपयांप्रमाणे, 4,80,000 रुपये वसूलपात्र ठरवले गेले. रूढ उत्तर एका ओळीचे असते: अभिलेख उपलब्ध असून कार्यवाही सुरू आहे, तरी परिच्छेद वगळण्यात यावा. अशा उत्तराने परिच्छेद वगळला जात नाही, तो पुढच्या अहवालात प्रलंबित म्हणून सुखाने राहतो.

आक्षेप खरोखर खोडायचा असेल तर 240 पैकी 186 खेपांची लॉगबुके पंचायत समितीच्या गठ्ठ्यात सापडली एवढे लिहून भागत नाही. ती परीक्षणापूर्वीच तेथे पोहोचली होती हे आवक नोंदवहीच्या क्रमांकाने आणि तारखेने दाखवावे लागते व जीपीएसच्या नोंदी तारीखवार जोडाव्या लागतात, कारण वर्षभराच्या सह्या एकाच पेनाने, एकाच दाबाने झालेले लॉगबुक परीक्षकाला लांबूनच ओळखू येते. जीपीएसलाही मर्यादा आहे: टँकर गावात गेला हे ते सांगते, तो भरलेला होता हे सांगत नाही, आणि ती उणीव उद्भवावरील, म्हणजे टँकर भरण्याच्या ठिकाणच्या, नोंदवहीनेच भरून निघते.

उरलेल्या 54 खेपांचे 1,08,000 रुपये मात्र मान्य करण्यावाचून इलाज नसतो, आणि वसुलीच्या सुधारित तारखांची गरज तेथेच पडते. '31 मार्चपूर्वी' हे आपल्या कार्यालयांचे लाडके उत्तर असले तरी त्यात कोण काय करणार याचा पत्ता नसतो. त्याऐवजी पुरवठादाराला नोटीस 15 जुलैला, त्याचा खुलासा 31 जुलैपर्यंत आणि अनामत रकमेतून समायोजन 30 सप्टेंबरपर्यंत, असे टप्पे जबाबदार अधिकाऱ्याच्या पदनामासह लिहिले, आणि वसुलीसाठी आधी दिलेली 30 जूनची तारीख पुरवठादाराचे अंतिम देयक तपासून न झाल्यामुळे हुकली हेही सांगितले, तर परीक्षकाला ते पडताळून पाहता येते. शेवटी विनंतीही तेवढीच असावी: आक्षेप 186 खेपांपुरता वगळावा आणि 54 खेपांपुरता वसुलीचे चलन जोडले जाईपर्यंत उघडा ठेवावा.