उरगाचं कार्ड पुन्हा पहिल्या कप्प्यात!

दोस्तांनो, माझ्या भाचीने आठवीत हौसेने संस्कृत घेतलं आणि पहिल्याच चाचणीत शब्दार्थांच्या 10 गुणांपैकी तिला 3 मिळाले. घरात व्हायची ती आदळआपट झाली. रविवारी मी गेलो तर बाईसाहेब फुरंगटून बसलेल्या.

"मामा, मी रोज सगळे शब्द वाचत होते रे! आईला खोटं वाटतं."

मी तिची वही मागितली. तिच्यात 90 शब्द होते. पहिल्या पानावरचे शब्द मी क्रमाने विचारले, तर धडाधड उत्तरं आली. मग तेच शब्द उलटसुलट विचारले, तर निम्मे गळाले. शेवटच्या पानावर तर अंधारच! म्हणजे पोरगी खोटं बोलत नव्हती. रोज पहिल्या पानापासून सुरुवात करायची आणि शेवटच्या पानापर्यंत पोचता पोचता डोळे मिटायचे. 'अश्व' म्हणजे घोडा हे तिला पहिल्या दिवशीच पाठ झालं होतं, तरी ती ते रोज वाचत होती. जे येत नव्हतं त्याच्या वाट्याला वेळच उरत नव्हता.

या दुखण्यावर सेबास्टियन लाइटनर नावाच्या जर्मन भाषेत लिहिणाऱ्या पत्रकाराने 1972 साली आपल्या पुस्तकात एक घरगुती उपाय सांगितला. उपाय म्हणजे एक पुठ्ठ्याचं खोकं. ते आम्ही त्याच दुपारी बनवलं.

बुटांचं लांबट खोकं घ्या. आतून त्याची लांबी 30 सेंटिमीटर तरी हवी. पुठ्ठ्याचे आडवे पडदे लावून त्याचे पाच कप्पे करा, पण सारखे नाही हं. पहिला 1 सेंटिमीटर रुंद, दुसरा 2, तिसरा 5, चौथा 8 आणि पाचवा 14. गंमत या मापांतच आहे. आता जुन्या लग्नपत्रिका शोधा. (आमच्या ताईकडे त्यांचा अख्खा गठ्ठा निघाला.) कोऱ्या भागाची सारख्या आकाराची कार्डं कापा. एका बाजूला शब्द आणि मागे अर्थ. एका कार्डावर एकच शब्द. अशी साधारण 30 कार्डं एका सेंटिमीटरमध्ये बसतात.

नवी कार्डं पहिल्या कप्प्यात टाकायची आणि हा कप्पा रोज घ्यायचा. शब्द वाचायचा, उत्तर मोठ्याने बोलायचं आणि मगच कार्ड उलटायचं. बरोबर आलं तर कार्ड दुसऱ्या कप्प्यात, सगळ्यांत मागे. चुकलं तर पहिल्यातच मागे. दुसऱ्या कप्प्याला मात्र तो गच्च भरेपर्यंत हात लावायचा नाही. भरला की पुढची बोटभर जाडीची चळत काढून विचारायची. आलेली कार्डं तिसऱ्यात जातील आणि चुकलेली थेट पहिल्यात. पुढेही असंच. चौथ्या कप्प्यापर्यंत चढलेलं कार्ड चुकलं तरी त्याला खाली येऊन पहिल्यापासूनच चढावं लागतं. पाचव्यातही आलं, की ते खोक्यातून बाहेर.

कप्पे वाढत्या रुंदीचे का, ते आता कळलं? लहान कप्पा लवकर भरतो, म्हणून त्यातली कार्डं लवकर पुन्हा भेटतात. मोठा भरायला वेळ लागतो, म्हणून तिथली उशिरा भेटतात. एबिंगहाउस नावाच्या जर्मन संशोधकाने स्वतःवरच प्रयोग करून 1885 साली दाखवलं होतं, की पाठ केलेलं आधी भराभर विसरतं आणि पुढे विसरण्याचा वेग मंदावतो. म्हणजे नव्या शब्दाची आठवण लवकर काढायला हवी आणि मुरलेल्या शब्दाला थांबवता येतं. हा हिशेब ते खोकंच ठेवतं, कॅलेंडर लागत नाही.

भाचीने रोज 10 नवी कार्डं टाकायला सुरुवात केली. पहिल्या दिवशी 6 आली, 4 राहिली. दुसऱ्या दिवशी ती 4 आणि नवी 10 मिळून 14. त्यातली 9 पुढे गेली, 5 उरली. रोजचं काम पंधरा मिनिटांचं. सातव्या दिवशी दुसरा कप्पा 60 कार्डांनी भरला. पुढची 20 काढून विचारली, तर 6 चुकली! ती रडवेली झाली. खरं तर खोकं ज्यासाठी केलं तेच घडलं होतं. वहीत हे 6 शब्द 'येतात' म्हणून लपून बसले असते.

पण खोटी गोष्ट वेगळीच होती, ती मला नंतर कळली. चुकलेलं कार्ड ती लगेच परत विचारायची आणि आलं की पुढे ढकलायची. अहो, मिनिटापूर्वी वाचलेलं उत्तर कुणालाही येईल! आज चुकलं ते आज पुढे जाणार नाही, असा नियम आम्ही केला. शिवाय 'जवळजवळ आलं होतं' हेही आलंच धरलं जायचं. का? तर शेजारी बसलेली आई प्रत्येक चुकीला सुस्कारा टाकायची. आईबाबांनो, पहिल्या कप्प्यातली कार्डं मोजून मुलाला बोललात, तर ते खोक्यालाच फसवायला शिकेल. ताईला मी दुसऱ्या खोलीत बसवलं, झालं!

दोन आठवड्यांनी नवीच अडचण आली. नवे शब्द संपले आणि खोकं ठप्प! तिसरा कप्पा 150 कार्डांचा आणि आमचे शब्द मुळी 90. तो भरणार कधी? लाइटनरची मापं शेकडो कार्डं असणाऱ्याला चालतात. थोडी कार्डं असतील तर शेवटी वारच ठरवावे लागतात. आम्ही ठरवले: पहिला कप्पा रोज, दुसरा बुधवारी आणि रविवारी, तिसरा फक्त रविवारी, चौथा पंधरा दिवसांनी, पाचवा महिन्याने.

आणि एक कार्ड होतं, महाहट्टी. 'उरग'. दुसऱ्यात जायचं, परत यायचं. पाच वेळा परत आलं. दर वेळी उत्तर तेच, 'घोडा'. आता असं कार्ड सहाव्यांदा घोकण्यात अर्थ नसतो. सारखं परत येणारं कार्ड बहुधा नीट बनवलेलंच नसतं. इथे 'तुरग' आणि 'विहग' ही त्याची भावंडं एकाच दिवशी खोक्यात शिरली होती, म्हणून सगळी सरमिसळ. आम्ही 'तुरग' आणि 'विहग' काढून ठेवले आणि 'उरग'च्या मागे साप या अर्थाखाली लिहिलं: उर म्हणजे छाती, ग म्हणजे जाणारा. छातीवर सरपटत जातो तो.

"मग तुरग म्हणजे तुरुतुरु जाणारा?" भाची म्हणाली.

तुरुतुरु नाही, त्वरेने जाणारा. पण तिचं तिला जमलं होतं. 'उरग' तिसऱ्या कप्प्यात चढल्यावर आम्ही 'तुरग' आत घेतला आणि आणखी आठवड्याने 'विहग'.

एक सांगून ठेवतो. एका प्रश्नाला एकच छोटं उत्तर असेल, तिथेच हे खोकं कामाचं. भूमितीची सिद्धता कार्डावर उतरवू नका. ती समजली नसेल तर सहा वेळा परत येऊनही समजणार नाही. मोबाइलवर हेच काम करणारी अ‍ॅप्सही आता आहेत, पण कार्ड स्वतःच्या हाताने लिहिताना निम्मी ओळख होते, असं माझं आपलं मत.

परवा भाचीने फोन केला. 'विहग' चौथ्या कप्प्यातून पहिल्यात घसरला होता.

"रडलीस का?" मी विचारलं.

"छे! 'खग'शी गोंधळ झाला. पण मामा, दोन्हींचा अर्थ पक्षीच की. मग चुकलं कसं धरायचं?"

मी म्हटलं, तू उत्तर काय दिलं होतंस?

"आकाश."

मग पहिला कप्पा!