पाहुण्यांची ओळख

कडोली, उचगाव, बेळगुंदी अशा गावांतून भरणाऱ्या साहित्य संमेलनांचा हंगाम जवळ आला, की पाहुण्यांचे छापील परिचय आमच्याकडे येऊ लागतात. निवेदन करणारी मुलगी बहुधा कन्नड शाळेत शिकलेली असते. वाचायचा कागद तिला सोयीचा व्हावा, एवढीच अपेक्षा असते.

छापील परिचय डोळ्यांसाठी लिहिलेला असतो. उदाहरणार्थ, १९८५ साली बेळगावच्या इंदिरा संत पाहुण्या आहेत असे समजू. कोणत्याही परिचयपत्रकात असा मजकूर आढळेल : ‘श्रीमती इंदिरा ना. संत, कवयित्री व अध्यापिका, बेळगाव, शेला (१९५१), मेंदी (१९५५), मृगजळ (१९५७), रंगबावरी (१९६४), गर्भरेशीम (१९८२, सा. अकादमी पुरस्कार १९८४).’

हे मोठ्याने वाचून पाहावे. कंस उच्चारता येत नाही, ‘ना.’चे काय करावे ते कळत नाही, आणि ‘चौऱ्याऐंशी’पाशी तर चांगली जाणती माणसेही अडखळतात. (मराठी आकड्यांइतका कपटी शत्रू निवेदकाला दुसरा नाही.) शिवाय सहा सनावळ्या ऐकून श्रोत्याच्या हाती एकही उरत नाही. म्हणून आम्ही प्रथम सनावळ्या गाळतो. एखादी अपरिहार्य असेल तर अक्षरांत लिहितो. मग व्याख्यानाचा विषय पाहतो आणि त्याला जोडणाऱ्या दोन-तीनच गोष्टी ठेवतो. बाकीचा परिचय खोटा नसतो. तो त्या दिवशीचा नसतो, इतकेच. विषय ‘माझी कविता’ असेल तर मजकूर असा होईल :

‘आजच्या पाहुण्या आपल्या बेळगावच्याच. अनेक वर्षे त्यांनी येथे अध्यापन केले. शेला, मेंदी, रंगबावरी हे त्यांचे कवितासंग्रह आपल्या परिचयाचे आहेत. गर्भरेशीम या संग्रहाला गेल्या वर्षी साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. आज त्या स्वतःच्या कवितेविषयी बोलणार आहेत. श्रीमती इंदिरा संत.’

नाव मुद्दाम शेवटी ठेवले आहे. नाव ऐकताच टाळ्या पडतात. ते आरंभी आले तर टाळ्या लवकर पडतात आणि पुढचा मजकूर त्यांत बुडतो. मृगजळ गाळले ते गुणांमुळे नव्हे. तीन नावांपुढे गणती सुरू होते. वाक्ये आठ-दहा शब्दांची, प्रत्येकाला आपले क्रियापद. कारण मराठीत क्रियापद शेवटी येते आणि लांब वाक्यात तिथवर पोहोचेतो दम सरतो.

लांबीचे आमचे माप घड्याळाचे आहे. व्यासपीठावरून मिनिटाला सुमारे शंभर शब्द सुखाने वाचून होतात. दीड मिनिटापलीकडे आम्ही जात नाही. कागदाच्या एकाच बाजूला, ठळक अक्षरांत लिहावे आणि वाक्य पुढच्या पानावर ओढू नये. आडनावाचा उच्चार पाहुण्यांनाच आधी विचारून घ्यावा.

शेवटी तो कागद लिहिणाऱ्याने नव्हे, निवेदिकेनेच एकदा मोठ्याने वाचावा. ती जिथे मागे फिरून शब्द पुन्हा उच्चारते, तिथे आम्ही पेन्सिलीची खूण करतो, आणि मुलीला न सुधारता वाक्य बदलतो.